भरपाईनंतरचे पत्र : विम्यातील सब्रोगेशन

विमेदाराचे नुकसान दुसऱ्या कोणाच्या चुकीमुळे झाले असेल आणि ते विमा कंपनीने भरून दिले असेल, तर चूक करणाऱ्याकडून पैसे वसूल करण्याचा विमेदाराचा हक्क कंपनीकडे येतो. या व्यवस्थेला विम्याच्या धंद्यात सब्रोगेशन म्हणतात. कायद्याच्या मराठीत त्याला प्रत्यासन हा शब्द आहे, पण विमा कंपनीच्या कार्यालयात, सर्व्हेअरच्या तोंडी आणि वकिलाच्या कागदावर सब्रोगेशनच चालते. दाव्याची रक्कम मंजूर झाली की कंपनी विमेदारापुढे स्टॅम्पपेपरवरचे जे पत्र सहीसाठी ठेवते, ते या हक्काबद्दलचे असते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा नियम आहे. मालमत्तेचा विमा नुकसान भरून देण्यासाठी असतो, विमेदाराने त्यात कमाई करावी यासाठी नसतो. समजा, व्यापाऱ्याचा माल ट्रकमध्ये भिजला. ट्रान्सपोर्टरकडून भरपाई मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि विमा असल्याने कंपनीकडे दावा करण्याचाही. दोन्हीकडून पूर्ण पैसे घेता आले तर एकाच गाठीचे दाम दोनदा मिळतील. तसे होऊ द्यायचे नाही, तर दोनच मार्ग उरतात. विमा कंपनीने पैसे दिले म्हणून ट्रान्सपोर्टरला मोकळे सोडायचे, किंवा ट्रान्सपोर्टरवरचा हक्क पैसे देणाऱ्या कंपनीकडे द्यायचा. पहिल्या मार्गात विम्याचा हप्ता व्यापारी भरतो आणि फायदा निष्काळजी वाहतूकदार घेतो. कायद्याने दुसरा मार्ग धरला. त्यामुळे ‘तुमचे पैसे तर तुम्हाला विम्यातून मिळाले, मग तुमचे नुकसान कसले?’ हा ट्रान्सपोर्टरच्या वकिलाचा आवडता युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही.

हा नियम किती काटेकोर आहे, हे इंग्लंडमधल्या कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या १८८३ च्या निकालात दिसते. लिव्हरपूलमधले एक घर ३,१०० पौंडांना विकण्याचा करार झाला होता. खरेदीखत होण्याआधी आग लागली. घरमालकाने विमा कंपनीकडून ३३० पौंड घेतले. पुढे खरेदीदाराने ठरलेली पूर्ण किंमत चुकती केली आणि जळक्या घराचा ताबा घेतला. म्हणजे मूळ मालकाचे शेवटी काहीच गेले नव्हते. विमा कंपनीने आपले ३३० पौंड परत मागितले आणि अपील न्यायालयाने ते देवविले. इथे आग कोणाच्या चुकीने लागली हा प्रश्नच नव्हता. भरपाईहून जास्त काही विमेदाराच्या हातात राहता कामा नये, एवढ्यावर निकाल लागला. भारतात आजही या विषयावरच्या युक्तिवादात हा निकाल वाचला जातो.

उलट बाजूने कंपनीलाही हाच नियम बांधतो. १९४५ मध्ये एक ब्रिटिश मालवाहू जहाज कॅनडा सरकारच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाले. विमा कंपनीने ७२,००० पौंड दिले. कॅनडा सरकारकडून भरपाई मिळेपर्यंत पौंडाचे अवमूल्यन झाले होते, त्यामुळे डॉलरमधली रक्कम पौंडात बदलली तेव्हा ती १ लाख २६ हजारांच्या पुढे गेली. वरचे पैसे कोणाचे, यावर खटला झाला. १९६१ मध्ये निकाल लागला तो असा, की कंपनीने जेवढे दिले तेवढेच, म्हणजे ७२,००० पौंड, तिला परत मिळतील आणि उरलेले जहाजमालकाचे. विनिमयदराने दिलेला लाभ विमेदाराच्या पदरात पडला.

भारतात सागरी विम्यापुरता हा हक्क १९६३ च्या सागरी विमा अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये लिहिलेला आहे. संपूर्ण नुकसानीची भरपाई दिली तर मालाचे जे काही उरले असेल ते कंपनी आपल्याकडे घेऊ शकते, आणि विमेदाराचे त्या मालाबाबतचे हक्क व उपायही, तेही अपघाताच्या क्षणापासूनचे, तिच्याकडे येतात. नुकसान अंशतः असेल तर मालावर कंपनीचा अधिकार येत नाही. दिलेल्या भरपाईच्या प्रमाणात विमेदाराचे दावे तेवढे तिच्याकडे येतात. आग, चोरी, मोटार अशा इतर विम्यांत असे कलम हाताशी नसले तरी न्यायालयांनी न्यायतत्त्व म्हणून हाच नियम लावलेला आहे, आणि पॉलिसीच्या अटींत तो बहुधा छापलेलाही असतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हक्क पत्रामुळे जन्माला येत नाही. कंपनीने भरपाई दिली की तो आपोआप येतो, विमेदाराने सही केली असो वा नसो. मग कंपन्या या कागदासाठी एवढा आग्रह का धरतात?

त्याचे उत्तर हक्काच्या स्वरूपात आहे. सब्रोगेशनने कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहते, पण स्वतःच्या नावाने नाही. दावा विमेदाराचाच असतो आणि तो त्याच्याच नावाने लावावा लागतो. वकीलपत्रावर सही त्याची, दाव्यावर सही त्याची, बिल्टी, बिजक आणि मालाची पोच त्याच्याकडे, साक्षीला उभे राहायचे तेही त्यानेच किंवा त्याच्या मुनीमाने. एकदा दाव्याचे पैसे हातात पडल्यावर तीन वर्षांनी दिवाणी न्यायालयात येऊन उलटतपासणीला सामोरे जाण्याचा उत्साह कोणात राहणार? कंपनीला पत्र हवे असते ते या सहकार्याची लेखी हमी म्हणून. त्यात विमेदार कंपनीला आपले नाव वापरण्याची परवानगी देतो, आपल्या वतीने कारवाई करण्याचे मुखत्यारपत्र देतो, लागतील ते कागद देण्याचे आणि ट्रान्सपोर्टरकडून परस्पर काही मिळाल्यास ते कंपनीला कळवण्याचे कबूल करतो. शिवाय किती रक्कम, कोणत्या पॉलिसीखाली, कोणत्या नुकसानीबद्दल दिली याचा तो पुरावाही होतो, कारण हक्क आला हे दाखवायचे तर पैसे दिल्याचे आधी सिद्ध करावे लागते.

पण अनेक पत्रांत याहून जास्त काही असते, आणि तिथेच विमेदाराने थांबून वाचायला हवे. विमा कंपन्यांचे छापील नमुने जुने आहेत. ‘अमुक रक्कम मिळाल्याच्या बदल्यात आम्ही रेल्वे, जहाज कंपनी, बंदर, सीमाशुल्क विभाग, वाहतूकदार किंवा इतर कोणाहीविरुद्धचे आमचे सर्व हक्क आपल्याला हस्तांतरित करीत आहोत, ते आपण आमच्या नावाने किंवा अन्यथा वापरावेत’ अशी त्यांची भाषा असते आणि लगोलग ‘आमचे हक्क आपल्याला सब्रोगेट करीत आहोत’ असेही वाक्य येते. ट्रक इचलकरंजीच्या पुढे गेलेला नसला तरी जहाज आणि बंदर त्यात असतेच. आता हस्तांतरण आणि सब्रोगेशन या कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सब्रोगेशनमध्ये हक्क विमेदाराकडेच राहतो, कंपनी तो त्याच्या नावाने चालवते आणि दिले तेवढे परत घेते. हस्तांतरणात हक्क विमेदाराच्या हातून पूर्ण जातो. कंपनी स्वतःच्या नावाने दावा लावू शकते आणि जे येईल ते सगळे ठेवू शकते. एकाच कागदावर दोन्ही शब्द असतील, तर त्या कागदाला काय मानायचे?

या प्रश्नावर भारतात बरीच वर्षे गोंधळ होता. तो निस्तरला तामिळनाडूतल्या सुताच्या एका खेपेने. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये चरण स्पिनिंग मिल्स या गिरणीने होजियरीचे सुती सूत इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशनमार्फत कोलकात्याला पाठवले. मालाची किंमत ७ लाख ७० हजारांच्या घरात होती आणि वाहतुकीतल्या जोखमीचा विमा नॅशनल इन्शुरन्सकडे होता. वाटेत वाहनाला अपघात झाला आणि सूत खराब झाले. विमा कंपनीने सर्व्हे करून सुमारे ४ लाख ४७ हजार रुपये गिरणीला दिले आणि गिरणीकडून सब्रोगेशनचे पत्र व विशेष मुखत्यारपत्र घेतले. मग गिरणी आणि विमा कंपनी अशा दोघांनी मिळून दिंडिगलच्या जिल्हा ग्राहक मंचात ट्रान्सपोर्टरविरुद्ध तक्रार केली. ट्रान्सपोर्टरचा मुख्य आक्षेप असा होता, की तक्रार खरी विमा कंपनीची आहे, विमा कंपनीने वाहतुकीची सेवा घेतलेलीच नाही, तेव्हा ती ग्राहक कशी? त्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा ओबेराय फॉरवर्डिंग एजन्सीचा निकालही होता. त्या प्रकरणातले पत्र हस्तांतरणाचे मानून विमा कंपनीला ग्राहक मंचाचे दार बंद केले गेले होते.

प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले आणि १७ फेब्रुवारी २०१० रोजी निकाल लागला. न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी लिहिलेल्या या निकालात सब्रोगेशनचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. पहिला, कोणताही कागद नसताना केवळ भरपाई दिल्यामुळे न्यायतत्त्वाने येणारा हक्क. दुसरा, पत्र करून त्याच्या अटी ठरवलेला हक्क. तिसरा, सब्रोगेशनबरोबर हस्तांतरणही असलेले पत्र. पहिल्या दोहोंत कंपनी विमेदाराच्या नावाने किंवा त्याच्यासोबत कारवाई करू शकते. तिसऱ्यात दिवाणी न्यायालयात ती स्वतःच्या एकटीच्या नावानेही जाऊ शकते. मात्र ग्राहक मंचात एकट्या विमा कंपनीला, पत्र कसेही असो, तक्रार करता येत नाही. विमेदार तक्रारदार असला पाहिजे, कंपनी हवी तर त्याच्या जोडीला. पत्र कोणत्या प्रकारचे हे ठरवताना त्याच्या शीर्षकाकडे किंवा एखाद्या शब्दाकडे पाहायचे नाही, तर पूर्ण कागद आणि त्यामागचा हेतू पाहायचा, असेही पीठाने सांगितले. चरण गिरणीची तक्रार चालण्याजोगी ठरली.

व्यापाऱ्यांसाठी ग्राहक मंचाचा हा रस्ता मात्र आता जवळपास बंद आहे. १५ मार्च २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्याबाहेर गेली, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती बाहेरच आहे. गिरणीची खेप त्याआधीची होती म्हणून तिला मंच मिळाला. आज सुताचा किंवा कापडाचा व्यापारी दिवाणी न्यायालयातच जातो, आणि तिथे पत्राचा प्रकार थेट पैशांवर परिणाम करतो.

हा परिणाम आकड्यांत पाहिला म्हणजे नीट कळतो. इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाने १० लाख रुपयांचे कापड ट्रकने कोलकात्याला पाठवले असे धरू. बुकिंग ५ जूनचे, भाडे ६० हजार. पावसात ताडपत्री फाटून सगळ्या गाठी भिजल्या आणि माल कवडीमोल झाला. सर्व्हेअरने काही बाबी पॉलिसीच्या कक्षेबाहेरच्या म्हणून वजा केल्या आणि कंपनीने साडेसात लाख दिले. अडीच लाख व्यापाऱ्याच्या अंगावर पडले.

आता ट्रान्सपोर्टरकडून किती निघू शकतात ते पाहू. सध्या लागू असलेल्या रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ खाली नुकसान निष्काळजीपणाने झाले हे माल पाठवणाऱ्याला सिद्ध करावे लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. पण त्याच कायद्याने आणि २०११ च्या नियमांनी वाहतूकदाराच्या जबाबदारीला मर्यादा घातली आहे. माल पाठवणाऱ्याने किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा वाढीव दर भरलेला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. भाडे वाचवण्याच्या नादात हा वाढीव दर फारसा कोणी भरत नाही. म्हणजे १० लाखांच्या मालावर ६ लाखच निघणार, आणि विमा कंपनीला त्याहून जास्त मागता येणार नाही, कारण तिचा हक्क व्यापाऱ्याच्या हक्काएवढाच आहे. ट्रान्सपोर्टरचा जो बचाव व्यापाऱ्यापुढे चालला असता तो कंपनीपुढेही चालतो.

हे ६ लाख वसूल झाले असे धरू. पत्र साधे सब्रोगेशनचे असेल तर न्यायतत्त्व असे, की आधी विमेदाराचे नुकसान पुरे व्हावे. व्यापाऱ्याचे अडीच लाख आधी सुटतील आणि उरलेले साडेतीन लाख कंपनीला मिळतील. पत्रात हस्तांतरण असेल आणि वाटणीबद्दल वेगळे काही लिहिलेले नसेल, तर सहाच्या सहा लाख कंपनीकडे जातील. व्यापाऱ्याचे अडीच लाख कायमचे गेले. पॉलिसी तीच, नुकसान तेच, ट्रान्सपोर्टर तोच, फरक एका वाक्याचा. सागरी विम्यात मालाची किंमत कमी दाखवून विमा उतरवला असेल तर हिशेब आणखी बदलतो. न उतरवलेल्या भागापुरता विमेदार स्वतःच स्वतःचा विमाकर्ता समजला जातो आणि वसुली त्या प्रमाणात विभागली जाते. म्हणून आपले काही नुकसान विम्यातून आलेले नसेल, तर पत्रावर सही करण्याआधी वसुलीतून ते आधी मिळेल अशी एक ओळ घालून मागणे योग्य ठरते. ज्याला पूर्ण भरपाई मिळाली त्याला या फरकाने काही बिघडत नाही, आणि बहुतेक लहान दाव्यांत तसेच असते.

वरच्या उदाहरणात सगळे सुरळीत झाले असे धरले आहे. प्रत्यक्षात वसुली बुडते ती न्यायालयात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, माल उतरवून घेताना आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत. ट्रकवाला घाईत असतो, हमाल गाठी उतरवतात आणि गोदामावरचा माणूस पोचपावतीवर नुसती सही करून देतो. ओल्या गाठींचा उल्लेख नसलेली ती सही पुढे ट्रान्सपोर्टरच्या वकिलाच्या हातातला पहिला कागद होते. म्हणून पोचपावतीवर ‘इतक्या गाठी ओल्या, खराब स्थितीत मिळाल्या’ असा शेरा, ट्रान्सपोर्टरकडून नुकसानीचा दाखला आणि शक्य असेल तर त्याच्या माणसासमोर माल उघडून केलेली पाहणी, हे सगळे विमा कंपनी आवर्जून मागते. तिच्या सर्व्हेसाठी या कागदांचा उपयोग असतो, पण त्यांची खरी गरज वसुलीला लागते.

दुसरी आणि सर्वांत घातक चूक मुदतीची. २००७ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस मिळालेली नसेल, तर त्याच्यावर दावाच लावता येत नाही. मुदत नुकसान झाले त्या दिवसापासून नव्हे, बुकिंगपासून मोजायची. वरच्या उदाहरणात ५ जूनपासूनचे १८० दिवस २ डिसेंबरला संपतात. सर्व्हे, कागदपत्रे, मंजुरी यांत कंपनीला चार-पाच महिने सहज लागतात, आणि सब्रोगेशनचे पत्र सही होईपर्यंत नोटीसची मुदत निघून गेलेली असू शकते. म्हणून नोटीस विमेदारानेच, माल खराब मिळताच, रजिस्टर पोस्टाने पाठवायची असते आणि पोस्टाची पावती दाव्यासोबत जोडायची असते. कंपनीने मागितली नाही म्हणून पाठवली नाही, ही सबब चालत नाही, कारण बुडालेला हक्क कंपनीकडे जाऊच शकत नाही. प्रत्यक्ष दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. मालाच्या हानीबद्दलच्या दाव्यात ती हानी झाल्यापासून मोजली जाते, कंपनीने पैसे दिले त्या तारखेपासून नाही.

तिसरी गोष्ट बाजारात इतकी नेहमीची आहे, की तिच्यात काही चूक आहे असे कोणाला वाटतच नाही. ट्रान्सपोर्टरशी वर्षानुवर्षांचा व्यवहार असतो. तो येतो, हळहळतो, या खेपेचे भाडे सोडतो, वर ५० हजार देतो आणि ‘हिशेब चुकता, आता काही येणे नाही’ असे लिहून घेतो. व्यापाऱ्याचा विचार असा, की बाकीचे विम्यातून मिळतीलच. पण त्या चिठ्ठीने ट्रान्सपोर्टरवरचा सगळा हक्क संपलेला असतो आणि कंपनीच्या वाट्याला येईल असे काही उरत नाही. पॉलिसीत वाहतूकदारावरचे हक्क जपण्याची अट असते, त्यामुळे कंपनी दावा नाकारू शकते किंवा त्यात मोठी कपात करू शकते. भरपाई आधीच देऊन झाली असेल, तर विमेदाराकडून ती परत मागू शकते. बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते तेवढ्यावरून मात्र घाबरून तडजोड करण्याचे कारण नाही. नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या शब्दांनी वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही. तो निकाल जुन्या १८६५ च्या कायद्याखालचा असला तरी हे छापील शब्द आणि त्यांची भीती अजून तशीच आहे. ट्रान्सपोर्टरकडून काही रक्कम आली असेल, तर ती लपवण्यापेक्षा दाव्याच्या अर्जातच सांगावी. कंपनी ती वजा करून बाकीची भरपाई देते.

पत्रावर सही नाकारली तर काय, असे अनेकजण विचारतात. सही नाकारल्याने कंपनीचा हक्क जात नाही, तो भरपाईबरोबर आलेलाच असतो. विमेदाराने नाव वापरू दिले नाही तर कंपनी त्याला दाव्यात पक्षकार करून न्यायालयाकडून ते मिळवू शकते. पण पॉलिसीतल्या सहकार्याच्या अटीचा भंग झाला म्हणून दावाच अडकून पडण्याची शक्यता असते, तेव्हा सरसकट नकार देण्यात शहाणपण नाही. पत्रातले कोरे रकाने भरून घेणे, बिल्टीचा क्रमांक, नुकसानीची तारीख आणि रक्कम पाहणे, कारवाईचा खर्च कंपनीचा असे लिहिले आहे का ते तपासणे आणि आपल्या न मिळालेल्या नुकसानीची ओळ घालून मागणे, एवढे मागण्याचा हक्क विमेदाराला आहे. या पत्राबरोबर बऱ्याचदा डिस्चार्ज व्हाउचर पुढे केले जाते. तो कागद वेगळा. त्यात मिळालेली रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारल्याचे लिहिलेले असते. मंजूर रक्कम कमी वाटत असेल तर वाद त्या व्हाउचरचा आहे, सब्रोगेशनच्या पत्राचा नाही. व्हाउचरवरची सही दबावाखाली घेतली असल्यास पुढची तक्रार त्यामुळे थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बोघरा पॉलिफॅबच्या प्रकरणात सांगितले आहे, आणि विमा नियामक प्राधिकरणाने २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांनाही तसे बजावले आहे.

ज्याने कधी ट्रकने माल पाठवला नाही त्याच्यापुढे हे पत्र बहुधा गाडी चोरीला गेल्यावर येते. पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो, तपास होतो, आणि गाडी सापडली नाही की ‘अ समरी’ अहवाल न्यायालयात जातो. गुन्हा खरा आहे, पण आरोपी किंवा माल सापडत नाही, असा त्याचा अर्थ. तो न्यायालयाने मान्य केल्याची प्रत, गाडीच्या सगळ्या किल्ल्या, नोंदणी पुस्तक, आरटीओच्या मालकी हस्तांतरणाच्या फॉर्मवर सह्या आणि सब्रोगेशनचे पत्र एवढे घेऊन कंपनी विमा उतरवलेली किंमत देते. इथे चोर सापडून त्याच्याकडून पैसे वसूल होतील अशी आशा कोणालाच नसते. पत्राचा रोख गाडीवर असतो. उद्या ती नाशिकच्या किंवा विजयपूरच्या पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून सापडली, तर न्यायालयात अर्ज करून ती ताब्यात घेण्याचा आणि विकण्याचा अधिकार कंपनीला हवा असतो. पूर्ण किंमत घेतलेल्या मालकाला गाडी सापडल्याचा फोन पोलिसांकडून आला, तर त्याने ती परस्पर सोडवून आणू नये. पैसे घेतल्यावर ती गाडी कंपनीची झाली आहे.

साध्या ठोकरीच्या दाव्यात मात्र गाडीमालकाला असे पत्र सहसा दिसत नाही. दुसऱ्या गाडीची चूक असली तरी आपल्या गाडीची दुरुस्ती आपली कंपनी करून देते आणि समोरच्याच्या कंपनीकडे वसुलीला जात नाही, कारण भारतातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांत ‘नॉक फॉर नॉक’ नावाचा करार आहे. प्रत्येकीने आपल्या विमेदाराची गाडी दुरुस्त करावी, एकमेकींकडे मागायला जाऊ नये. बंपर आणि दिव्यांच्या हजारो दाव्यांवर वकिलांचा खर्च करण्यापेक्षा हे सगळ्यांनाच स्वस्त पडते.

आयुर्विम्यात आणि वैयक्तिक अपघात विम्यात सब्रोगेशनच नाही. माणसाच्या जिवाची किंवा हातापायांची किंमत नुकसान म्हणून मोजता येत नाही, तिथे ठरलेली रक्कम देण्याचा करार असतो. त्यामुळे अपघातात माणूस गेला, तर त्याच्या कुटुंबाला विम्याची पूर्ण रक्कम मिळते आणि ट्रकमालकाविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईही मागता येते. आयुर्विमा कंपनी त्यातला एक रुपयाही मागू शकत नाही.